आढ्याखालचा नारळ

माझ्या छताला आलेली ओल माझ्याच चुलीच्या वाफेची आहे, असं तुम्ही मुंबईत बसून ठरवलंत. न बघता ठरवलंत. ज्या घराचं भाडं तुम्ही घेता, त्या घरात बापाच्या तेराव्यानंतर तुम्ही पाय ठेवलेला नाही, आणि खानावळवालीच्या चुलीवर आळ घालायला मात्र तुम्हाला एक पोस्टकार्ड पुरलं.

मालक, हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोन पत्रांत मी विनंती केली होती. या पत्रात विनंती नाही. काय घडलं ते सगळं लिहिते. वाचून झालं की दोन प्रश्नांची उत्तरं द्या.

मधल्या खोलीची तक्तपोशी तुम्हाला आठवत असेल. फणसाच्या फळ्यांचं छत, तुमच्या वडिलांनी हौसेनं बसवलेलं. गेल्या आषाढात तिच्यावर उत्तरेच्या कोपऱ्यात बशीएवढा डाग आला. श्रावणात तो परातीएवढा झाला. पाणी टपकत असतं तर मी खाली घमेलं ठेवलं असतं आणि गप्प बसले असते. पण टपकत नाही. वरून येतं ते माळ्यावर पडतं, फळ्या ते पितात आणि फुगतात. खाली फक्त ओल, बुरशी आणि वास. गोधडी उशाला घेतली की सकाळी केसांनासुद्धा तोच वास. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं, आणि छप्पर कधी दुरुस्त होईल ती तारीख विचारली. तुमचं उत्तर आलं, की शाकारणी दर चैत्रात होते, इथलं बघणारे दाजी तसं दर वर्षी कळवतात, तेव्हा छप्पर गळणं शक्य नाही. खानावळीच्या वाफेनं छत ओलं होतं. खिडकी उघडी ठेवावी.

बरं. चतुर्थीला माझी गिऱ्हाइकं आपापल्या गावी जातात. कोर्टातले कारकून नाहीत, एस.टी.चे ड्रायव्हर नाहीत. मी चूल विझवली, राख काढली, तुमच्या सांगण्याप्रमाणे खिडकी उघडी ठेवली, कुलूप लावलं आणि आचऱ्याला माहेरी गेले. गौरी जेवून परत आले. चुलीत मांजर निजलं होतं, इतकी ती थंड. आणि डाग परातीचा सुपाएवढा झाला होता. मांजर वाफ काढतं असं तुमचं म्हणणं असेल तर तसं कळवा.

हेच मी दुसऱ्या पत्रात लिहिलं. तुम्ही उत्तर दिलंत, "चैत्रात शाकारणी होईल तेव्हा पाहू." कोण पाहणार, ते लिहिलं नाहीत.

उरलेला पावसाळा कसा काढला ते सांगते. समोर खैरुन्निसा राहते. तिचा नवरा जमाल गलबतावर तांडेल आहे. त्यानं जुन्या शिडाचा एक तुकडा दिला, मी माळ्यावर चढून तो फळ्यांवर पसरला आणि सकाळ-संध्याकाळ त्यातलं पाणी तांब्यानं भरून बाहेर फेकलं. गेल्या पावसात तुमचं घर तुम्ही नाही, जमालच्या शिडानं राखलं. हेही तुम्हाला माहीत असावं.

आता, एवढं तारखेवर अडून बसायला मला झालं काय, ते सांगते. माझी सावित्री विजयदुर्गाला दिली आहे. तिला दिवस गेले आहेत. पहिलंच. पावसाआधी ती माझ्याकडे येणार, आणि आषाढ संपता संपता बाळंत होणार. घरात बाळंतिणीला ठेवावी अशी खोली एकच. पुढच्या पडवीत माणसं जेवतात, मागे चूल आणि धूर. मधलीच खोली बंद, वाऱ्याच्या वाटेवर नसलेली, न्हाणीला लागून. म्हणजे ज्या छतातून बुरशी पिठासारखी झडते, त्याच छताखाली मी माझी लेक आणि तिचं दोन दिवसांचं पोर ठेवायचं. ठेवीन का? नाही ठेवणार. मग कुठे ठेवू?

म्हणून चैत्राची वाट पाहिली. पाडवा झाला आणि लवू त्याची माणसं घेऊन आला. लवू आणि त्याचा बाप, दोघांनी तुमच्या घरची कौलं जन्मभर परतली आहेत. एक एक कौल उतरवलं, शेवाळ खरवडलं, फुटकं काढून नवं घातलं, रिपा ठोकून बघितल्या. मी त्यांना पेज दिली, वर सुकटीची चटणी दिली. लवू म्हणाला, "मावशे, आता बगूच नको. थेंब येवचो नाय." मी खूश. दाजी येऊन गेले. तेही खूश.

उन्हं उतरायला लागली तेव्हा खैरुन्निसा तिच्या जोत्यावर मिरच्या गोळा करत होती. तिचं जोतं उंच. तिथून माझं छप्पर दिसतं, माझ्या अंगणातून दिसत नाही. ती तिथूनच ओरडली, "गो जानकी! तुज्या घराची हजामत केल्यानी, पण शेंडी ठेवल्यानी!"

"कसली शेंडी?"

"हंय येवन बग मगे."

गेले. पाहिलं. सगळं छप्पर खरवडून लालभडक झालेलं, आणि अगदी वर, आढ्यावर, उत्तरेकडे चार-सहा कोन्यांचा पट्टा शेवाळानं काळाकुट्ट. कोने म्हणजे दोन्हीकडची कौलं जिथे मिळतात तिथे चुन्यात बसवलेली वरची कौलं. त्यातल्या दोन कोन्यांमधला चुना निघून तिथे बोटभर गवत उगवलेलं. खैरुन्निसा म्हणाली, "ह्या मी दर वर्साक बगतंय. माका वाटला, तुमच्यात तशी रीत आसतली."

"तशी रीत" म्हणाली ती. बाई, तुला हे आधी सांगायला काय झालं होतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तिनं सांगितलं तरी. बाकीच्यांनी तेवढंही नाही केलं.

लवू शिडी खांद्यावर टाकून निघाला होता. त्याला वाटेतच धरला.

"लवू, वरचो तो काळो पट्टो कित्याक ठेवलंस?"

"ता आमचा काम नाय, मावशे."

"मगे कोणाचा? माजा?"

"मालकाचा." आणि शिडी खाली ठेवून हळू आवाजात म्हणाला, "थंय नारळ आसा."

तेव्हा मला कळलं, मालक. इतकी वर्षं मी तुमच्या घरात राहते, आणि डोक्यावर नारळ आहे हे मला तेव्हा कळलं; माळ्यावरच्या काळोखात तो कधी दिसला नव्हता. घर बांधलं तेव्हा आढं चढवताना तुमच्या वडिलांनी लाल फडक्यात नारळ बांधून आढ्याला लावला. घराच्या राखणदाराचा. तिथली कौलं काढायची तर घरच्या माणसानं खाली उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे त्या राखणदाराची परवानगी मागायची, जुना नारळ सोडायचा, नवा बांधायचा, आणि मगच गड्यानं तिथे हात लावायचा. तुमचे वडील होते तोवर, म्हणजे मी इथे राहायला यायच्या आधी, ते उभे राहायचे. ते गेले. तेव्हापासून कोणी उभं राहिलेलं नाही, म्हणून तेव्हापासून तिथलं एक कौल हललेलं नाही. लवू दर चैत्रात नारळाला वळसा घालून बाकीचं छप्पर परततो. बाप सांगून गेला तसं.

"आणि पाणी थंयसून भितर येता, ता तुका दिसता नाय?"

"दिसता तर."

"मगे सांगलंस कोणाक?"

"दाजींका दर वर्साक सांगतंय. आड्याकडचा रवला म्हणान."

दाजींना बोलावलं. दाजी तुमचे भाऊबंद, तुमचं भाडं तेच नेतात. पान खात आले.

"सांगता तो," दाजी म्हणाले. "माका वाटला, मालकांकच ता उगडूक नको आसा."

"तुमी इचारलास मालकांका?"

"इचारतलंय कसो? त्येंच्या वडलांचो नारळ! 'तुमचो बापूस गेलो, आता नारळ कोण सोडतलो' असा लिवतलंय काय मी मुंबयक?"

"मगे काय लिवतास?"

"लिवतंय, शाकारणी झाली."

बघा. लवू खोटं बोलला नाही. दाजींनी खोटं लिहिलं नाही. तुम्ही मजुरी पाठवत होता, तीही खरी. सगळे खरे, आणि छत ओलं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला माहीत आहे, आणि माहीत असून त्यानं ते तसंच ठेवलंय, म्हणजे त्यात काहीतरी असणार. एकानं तोंड उघडून "का?" असं विचारलं असतं तर फणसाच्या फळ्या कुजल्या नसत्या. आणि तो एक तुम्ही असायला हवा होता. घर तुमचं आहे.

मी लवूला म्हटलं, "आता चढ आणि काढ. नारळ मी धरतंय."

तो चढला नाही. माझ्याकडे जेवणारे कोर्टातले एक कारकून तेवढ्यात रात्रीच्या ताटाचं सांगायला आले होते. ते शुद्ध भाषेत म्हणाले, "मावशी, मालकाला रीतसर नोटीस द्या. मुदतीत दुरुस्ती केली नाही तर तुम्ही करून घ्या आणि खर्च भाड्यातून वळता करा. कायद्यात तशी तरतूद आहे."

लवूनं त्यांच्याकडे वर मान करून बघितलं. "साहेब, तुमचो कायदो शिडयेन वर चढता काय? तो चढत आसलो तर शिडी मी धरतंय."

कारकून हसले, मीही हसले. पण लवू हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशे, तुजी चेडू बाळंतपणाक येतली. गाराण्याशिवाय मी आडां उगडलंय आणि उद्या तिच्या कायतरी आडवा इला, तर तू माका काय म्हणशीत?"

मालक, मी भिणारी बाई नाही. नवरा बुडाला तेव्हा किनाऱ्यावर मी एकटी उभी होते, आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. राखणदारानं मला काय करायचं ते करावं. पण सावित्रीच्या पोटावर मी पैज लावणार नाही. लावली, आणि तिला साधा ताप आला, तरी गाव मला नारळ दाखवील. आणि गावाचं सोडा, मीच मला दाखवीन.

म्हणजे असं झालं. छप्पर उघडलं नाही तर बाळंतीण ओलीत, आणि उघडलं तर माझ्या जिवाला घोर. दोन्हीतून वाट एकच. तुमच्या घरचं माणूस खाली उभं राहिलं पाहिजे.

दाजी म्हणाले, "मी भाऊबंद, पण घरचो नाय. माका चलाचा नाय." मग पान थुंकून, जणू काही सहज आठवलं अशा आवाजात म्हणाले, "तोंडवळीक काशीबाय आसा मा."

तुमची आत्या! वडिलांची धाकटी बहीण. हयात आहे, आणि मालवणपासून एका खाडीपलीकडे आहे. हे दाजींना पान संपल्यावर आठवलं.

मी दुसऱ्याच दिवशी खानावळ खैरुन्निसावर सोपवून जाणार होते, पण माझी अर्धी गिऱ्हाइकं सोवळी. म्हणून त्या दिवशी कोणाला जेवणच घातलं नाही. दारावर लिहून ठेवलं, "छपराच्या कामासाठी बंद." सर्जेकोटपर्यंत चालत गेले, होडीनं खाडी ओलांडून तळाशिलाला उतरले आणि वाळूतून तोंडवळी गाठली. काशीबाई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. कंबर वाकलेली, आवाज ताठ.

मी सगळं सांगितलं. त्या सोलं उलटत ऐकत होत्या. नारळाचं नाव निघालं तेव्हा हात थांबला.

"दादाचो नारळ अजून थंयच? मेल्यांनो, तो आता नारळ नाय, नुसती करटी! त्येका भिवन घर कुसवलात?"

"लवू म्हणता, हात लावूचो नाय."

"लवूचो बापूस पण खुळो आणि लवू पण खुळो. हात लावूचो नाय असा कोण म्हणालो? दादा दोन-तीन वर्सांनी सोडी. जुनो दर्यात टाकी, नवो बांधी. आणि तेच्याच वक्ताक स्वता माळ्यार चढान आड्याची लाकडां नखान टोचून बगी. गो, नारळ कित्याक आसता? मालकान वर्सा-दोन वर्सांनी वर मान करून बगूचा म्हणान! नारळ बदलूक इलो की छप्पर दिसता."

मालक, हे वाक्य मी तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहून आणलं आहे. तुमच्या वडिलांनी तो नारळ छप्पर बंद ठेवायला बांधला नव्हता. मालकाला घरी आणायला बांधला होता. तुम्ही आला नाहीत, म्हणून छप्पर बंद राहिलं.

मी विचारलं, "मगे तुमी येतलास? उभ्या रवतलास?"

"म्हायेरवाशीण मी. उभी रवतलंय, गाराणा घालतलंय, नारळ बांदतलंय. माका कोण नाय म्हणता बगतंय. पण," आणि इथे त्यांनी माझ्याकडे बोट केलं, जणू मीच तुम्ही, "घर भावाच्या झिलाच्या नावार. त्येचो शबूद नसताना मी हात लावलंय तर उद्या तोच म्हणतलो, आतयेन माज्या घरात काय केल्यान. त्येका लिव. म्हणाचा, तू ये, नायतर आतयेक सांग. दोनातला एक. आणि ह्या पण लिव, मी जिती आसंय. त्येका ठावक नसतला."

लिहिलं. तुमच्या आत्या जित्या आहेत.

निघताना त्यांनी सावित्रीसाठी सोलांची पुरचुंडी दिली. "बाळंतिणीक कढी," म्हणाल्या. मग उंबऱ्यावरून हाक मारून म्हणाल्या, "त्या खोलयेत माजा पण बाळंतपण झाला, गो. थंय ओल नव्हती."

परत आले तर दारात लवू बसलेला. मी गेले कुठे, हे दाजींनी त्याला सांगितलं होतं. म्हणाला, "काय म्हणाली काशीबाय?"

"म्हणाली, तू खुळो."

"ता मी आसंय," लवू म्हणाला. "पण उभी रवतली मा?"

"मालकाचो शबूद इलो तर."

तो उठला. मग म्हणाला, "चुनो भिजत घालतंय. शिंपल्यांचो. चार कोने नवे लागतले, ते आणून ठेवतंय. आड्याक टेको देवचो लागलो तर बांबू माज्याकडे आसत." आणि जाता जाता, "मावशे, इतकी वर्सा माका पण त्या पट्ट्याची लाज वाटा."

तेव्हा, मालक, आता काय काय तयार आहे ते बघा. चुना मडक्यात भिजतोय. कोने माझ्या पडवीत रचून ठेवलेत, गिऱ्हाइकं त्यांना टेकून जेवतात. दाजींनी नवा नारळ स्वतःच्या झाडाचा काढून दिला आहे, शेंडीसकट. लाल फडकं खैरुन्निसानं दिलं. मी तिला म्हटलं, "चलतला काय पण तुज्या हातचा?" ती म्हणाली, "जमालचा शीड चलला, तर फडक्याक काय झाला?" काशीबाईंना निरोप पाठवून विचारलं, तर त्यांनी होडीवाल्याबरोबर सांगून पाठवलं की राखणदार फडकं बघतो, हात बघत नाही.

गावात सगळ्यांचं झालं आहे. एक तुमचंच राहिलं आहे.

लवूला दोन दिवस मोकळे आहेत. अक्षय्यतृतीयेनंतरचा सोमवार, नाहीतर त्याच्या पुढचा गुरुवार. त्यानंतर त्याची माणसं मसुऱ्याच्या देवळाच्या कौलांवर जाणार, ती मृगापर्यंत मोकळी होणार नाहीत. कोने बसवल्यावर चुन्याला आठवडाभर कडक ऊन लागतं. वळवाचा पाऊस त्यावर पडला तर सगळं धुऊन जाईल आणि पुढच्या आषाढात आपण पुन्हा वाफेवर बोलत बसू. म्हणून सोमवार बरा. आगबोट अजून चालू आहे. शुक्रवारची धरलीत तर तुम्ही वेळेवर पोचता. जेवणाची काळजी करू नका, माझी चूल वाफ काढते तशी भातही शिजवते.

आलात तर एक गोष्ट तुम्हाला दाखवीन. परवा मी शिडाचा तुकडा माळ्यावरून काढला आणि फळ्या उन्हात पुसल्या. कडेच्या दोन फळ्या गेल्या आहेत, त्या बदलाव्या लागतील. बाकीच्या अजून खणखणीत आहेत, बोटानं वाजवल्या तर आवाज देतात. तुमच्या वडिलांनी चांगलं लाकूड घातलं होतं. अजून एक पावसाळा मात्र ते सोसणार नाही. सावित्रीला मी कळवलं आहे की खोली कोरडी मिळेल. ती खुळी पोर, तिनं उलट लिहिलं, "आई, छताकडे बघत निजायला मला आवडतं." लहानपणी त्या फळ्यांच्या गाठी मोजत ती झोपायची. तिच्या पोरानंही त्याच मोजाव्यात, असं तिला वाटतं. मला ते खरं करायचं आहे.

तुमच्याकडून मला दुरुस्तीची हमी नको, चौकशी नको, दाजींना लिहीन असं वचन नको. दोन गोष्टी हव्या आहेत, आणि दोन्ही एका पोस्टकार्डावर मावतात. सोमवार की गुरुवार? आणि त्या दिवशी आढ्याखाली तुम्ही उभे राहणार, की आत्यांनी उभं राहावं असा तुमचा शब्द मी त्यांना तोंडवळीला नेऊन वाचून दाखवू?

उलट टपाली लिहा. सोमवार की गुरुवार, आणि कोण?